चिंतेची मापनी निवडताना अल्फावर थांबू नका

संशोधन प्रोटोकॉलमध्ये हे वाक्य हमखास सापडतं: ‘या मापनीचा क्रॉनबाख अल्फा ०.९२ असल्याने ती विश्वसनीय आहे.’ वाक्य खोटं नाही, पण बहुतेक वेळा आपण विचारलेला प्रश्न तो नसतोच.

आधी मापनीकडून नेमकं काय काम करून घ्यायचं आहे ते लिहून काढा. समजा कामं दोन आहेत: सहभागी निवडणं आणि आठ आठवड्यांच्या उपचारानंतर प्रत्येकात पडलेला फरक मोजणं. मापनी आहे जीएडी-७, म्हणजे सात प्रश्न आणि ० ते २१ गुण. २००६ च्या मूळ अभ्यासात तिचा अल्फा ०.९२ आला, तर पुनर्चाचणी विश्वसनीयता ०.८३.

फरक मोजायचा असेल तर दुसरा आकडा घ्या. अल्फा एकाच बैठकीतल्या उत्तरांचा आपसातला मेळ सांगतो. आठवड्याने तोच माणूस तेच गुण देईल का, हे त्याला ठाऊक नसतं. (मापनी ‘या क्षणीची’ चिंता मोजत असेल तर मात्र पुनर्चाचणीचा आकडा कमी येणं साहजिक आहे, तो दोष नव्हे.)

आता मापनाची प्रमाण त्रुटी काढा. १ मधून विश्वसनीयता वजा करा, वर्गमूळ घ्या आणि त्याला मानक विचलनाने गुणा. तुमच्यासारख्या गटात मानक विचलन ४.५ असेल, तर ०.८३ धरून त्रुटी १.८६ येते. दोन वेळच्या गुणांतला फरक ९५ टक्के खात्रीने खरा मानायला तो किमान किती हवा, हे कळण्यासाठी तिला २.७७ ने गुणा: ५.१. म्हणजे एखाद्याचे गुण चारने उतरले, तरी तो निव्वळ मापनातला चढउतार असू शकतो. हेच गणित अल्फा धरून केलं तर उत्तर ३.५ येतं आणि तेच चार गुण ‘सुधारणा’ म्हणून नोंदले जातात.

निवडीसाठी सप्रमाणता बघा, म्हणजे मापनी जे ओळखायला हवं तेच ओळखते का ते. १० किंवा अधिक गुण ही सीमा धरल्यास मूळ अभ्यासात सामान्यीकृत चिंताविकारासाठी संवेदनशीलता ८९ टक्के आणि विशिष्टता ८२ टक्के होती. तुमच्याकडच्या १००० जणांपैकी १०० जणांना खरंच विकार आहे असं धरा. त्यातले ८९ सापडतील, पण उरलेल्या ९०० मधले १६२ जणही सीमा ओलांडतील. निवडलेल्या २५१ पैकी विकार असलेले जेमतेम ३५ टक्के! म्हणून निदानासाठी संरचित मुलाखत जोडा.

इथे दोन्ही कामं एकमेकांत अडकतात, आणि हे सहसा नजरेतून सुटतं. त्या दिवशी योगायोगाने गुण चढले म्हणून जे आत आले, त्यांचे गुण पुढच्या वेळी उपचाराविनाही उतरतात. त्यामुळे निवडीचे गुण आधाररेषा म्हणून वापरू नका. काही दिवसांनी मापनी पुन्हा भरून घ्या आणि नियंत्रण गट ठेवा.