घटस्थापना ते तुळशीचं लग्न: लग्नाच्या फोटोवाल्याची पोस्टिंगची तयारी

पितृपक्ष लागला की आपल्याकडं कोणी साक्षगंध करत नाही, नवीन कामाला कोणी हात लावत नाही, आपला स्टुडिओ तर अगदी गप्पच असतो, म्हणून तेच पंधरा दिवस पकड आणि तयारी त्यातच उरक. घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत जवळपास सहा आठवडे मिळतात, त्यातच सोयाबीन विकून लोकांच्या हातात थोडे पैसे आलेले असतात, दिवाळीत पाहुणे येतात, स्थळं जुळतात, आणि साक्षगंधात तारीख निघाली की दुसऱ्याच दिवशी घरात विषय निघतो, फोटोवाला कोणता सांगायचा. त्या दिवशी तुझं काम त्यांच्या डोळ्यापुढं असायला पाहिजे. तारीख ठरून महिना उलटल्यावर टाकलेली रील कितीही भारी असो, काही कामाची नाही.

पहिलं काम, मागच्या सीझनची लग्नं काढून बस आणि त्यातली फक्त तीन निवड. मी आधी दहा-बारा लग्नांतले एकेक फोटो टाकायचो, पाहणाऱ्याला वाटायचं एखादा चांगला क्लिक बसला असेल. एकाच लग्नाचे सहा फोटो हळदीपासून पाठवणीपर्यंत दिसले की मग माणसाला कळतं की हा पोरगा दिवसभर सांभाळतो. तीन लग्नांचे सहा-सहा म्हणजे अठरा पोस्ट, आठवड्याला तीन, हिशोब बसला. लग्नं पण वेगवेगळी घे, एक घरच्या मांडवातलं, एक तालुक्याच्या लॉनवरचं, एक थंडीतलं.

पण निवडायच्या आधी परवानगी बघ. बुकिंगच्या पावतीवर एक ओळ छापून घे, फोटो टाकायला हो, नाही, किंवा फक्त नवरदेव-नवरीचे, आणि सही दोन्ही घरांची. हे मी शिकलो ते मार खाता खाता राहून. एका हळदीचा फोटो टाकला, नवरी मस्त हसत होती, मागं मांडवाच्या खांबाजवळ मामा उभे होते अन् त्यांच्या हातात बाटली. मला दिसलीच नाही बापा, गावाला मात्र पाच मिनिटात दिसली. रात्री दहाला फोटो डिलीट केला, तोवर स्क्रीनशॉट पाहुण्यात फिरून आले होते. तेव्हापासून प्रत्येक फोटो झूम करून आधी मागची माणसं बघतो, मग नवरी बघतो.

आता कोणते सहा, ते एका लग्नावरून सांगतो. मे महिन्यातलं, घरच्या मांडवातलं लग्न, गोरज मुहूर्त. माझ्याकडं एडिट केलेले अकराशे फोटो होते. पहिला घेतला हळदीचा, त्यात आजी दोन्ही हातानं नातीच्या गालाला हळद लावते आणि नातीचे डोळे गच्च मिटलेले. दुसरा दुपारी पंगतीचा, वाढणारे काका बुंदीची बादली घेऊन वाकलेले. तिसरा वरातीचा. चौथा मंगलाष्टकाचा, आणि हा मुद्दाम अंधार पडल्यावरचा, कारण सूर्य बुडता बुडता मुहूर्त असला की थोड्याच वेळात उजेड जातो आणि मांडवातले जांभळे-निळे एलईडी चेहऱ्यावर येतात, तिथंच बहुतेकांचे फोटो फसतात. चेहऱ्याचा रंग चेहऱ्यासारखा दिसतो ना, अंगावर आडवे काळे पट्टे नाहीत ना, हे बघूनच तो फोटो निवड. पट्टे असतील तर ते एलईडीच्या लुकलुकीचे, आपल्याकडची लाईट 50 हर्ट्झची, त्यामुळं पुढच्या वेळी शटर 1/100 किंवा 1/50 ठेवून बघ, बरेचदा जातात, स्वस्तातल्या लाईटला तेही पुरत नाही. पाचवा पाठवणीचा, आणि सहावा सगळ्या घराचा ग्रुप फोटो, चौतीस माणसं, सगळ्यांचे डोळे उघडे.

सूर्यास्ताचा प्रीवेडिंग यात नाही हे दिसलं असेल. तो मी टाकला होता, लाईक भरपूर आले, सगळे दुसऱ्या फोटोवाल्यांचे. बुकिंगचा फोन आला तो आजीच्या फोटोवर, नवरीच्या मावसकाकानं केला, म्हणाले, "आमची माय बी ऐंशीची हाये, तिचा असा फोटो निघंन का?" आपल्याकडं पैसे देणारा माणूस नवरदेव नसतो भाऊ, काका नाहीतर मोठा भाऊ असतो, आणि तो आपल्या घरची माणसं शोधतो फोटोत.

फाईल काढताना रंग sRGB मध्येच काढ, नाहीतर कॉम्प्युटरवर पिवळीजर्द हळद काही फोनवर मळकट दिसते. पोस्टसाठी उभा फोटो 1080 बाय 1350, स्टेटस आणि रीलसाठी 1080 बाय 1920. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो दाबला जातो, एचडीचं बटण चालू करून पाठव. इन्स्टावर पोस्ट टाकताना नवरदेव-नवरीला Invite collaborator नं जोड, त्यांनी मान्य केलं की तीच पोस्ट त्यांच्या प्रोफाइलवर पण दिसते, दोन्हीकडचे मित्र एकदम येतात. कॅप्शनमध्ये तालुका लिही, गावाचं नाव घरच्यांना चालत असेल तरच.

पण खरं काम स्टेटसचं आहे आणि तिथं एक गोष्ट लोक विसरतात. स्टेटस दिसायला तुझा नंबर त्यांच्याकडं सेव्ह पाहिजे आणि त्यांचा तुझ्याकडं. म्हणून लग्नातच दोन्ही बाजूच्या दोन-दोन माणसांना सांग, "नंबर सेव्ह करा, रात्रीच चार फोटो पाठवतो," आणि खरंच पाठव. मी नवरीचा भाऊ, गाव, साल असं नाव टाकून सेव्ह करतो. स्टेटस चोवीस तासात जातं म्हणून रोज टाक, संध्याकाळी साडेसात ते नऊ, शेतातून येऊन जेवणं होतात तेव्हा. दुपारी टाकलेलं माझं तरी कोणी बघत नाही. एकाच वेळी पंधरा नको, लोक दाबत दाबत पुढं जातात, तीन पुरे.

आठवड्यातून एकदा तारखांचा फोटो टाक. पंचांगातले मुहूर्त घे, भरलेल्या तारखेवर काट मार, बाकी मोकळ्या. एकाच मुहूर्तावर दहा गावात लग्नं असतात, त्यामुळं काट पाहून लोक लवकर फोन करतात, पण खोटी काट मारू नको, त्याच तारखेचं काम घेताना कोणी पाहिलं तर गेला विश्वास. पॅकेजचा भाव पण लिही, निदान किती पासून सुरू ते, नाहीतर दिवसभर "रेट काय" एवढेच मेसेज.

शेवटी शंभर पानी वही घे. फोन आला की तारीख, गाव, आणि कुठं पाहिलं ते विचारून लिही. दिवाळीनंतर वही उघडून बघ, कोणत्या फोटोवर एकही फोन नाही, तसले फोटो उरलेल्या पोस्टमधून काढ आणि जागी दुसरे लाव. माझ्या वहीत मागच्या खेपेला वरातीच्या रीलसमोर शून्य होतं अन् पंगतीच्या फोटोसमोर तीन, त्यातल्या दोघांनी तर आचाऱ्याचा नंबर पण मागितला.