आलेखाखाली कॅप्शन कशी लिहावी, की मुद्दा पहिल्याच ओळीत येईल

‘१९५९ ते २०२३ या काळातील वातावरणीय कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर्शवणारा आलेख.’

या ओळीत चूक अशी काहीच नाही. पण ती वाचून प्रमाण वाढलं की घटलं, आणि किती, हे कळत नाही. ती फक्त आलेखाचं नाव सांगते, आणि ते नाव बहुतेक वेळा आलेखाच्या डोक्यावर आधीच छापलेलं असतं. कॅप्शनचं काम पुढचं आहे: आलेख काय म्हणतोय ते सांगणं.

हाच आलेख घेऊन एक कॅप्शन शेवटपर्यंत लिहून पाहू. हवाईमधल्या मौना लोआ पर्वतावरच्या वेधशाळेत मार्च १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी ही मोजणी सुरू केली, म्हणून या रेषेला ‘कीलिंग वक्र’ म्हणतात. करवतीच्या दात्यांसारखी खालीवर होत ती सतत वर चढत जाते.

आधी तोंडाने सांगा

आलेखावरून नजर काढा आणि तो न पाहिलेल्या कुणाला फोनवर सांगताय असं समजा. फोनवर कुणी ‘दर्शवणारा आलेख’ म्हणत नाही. आपण म्हणतो, ‘अगं, वाढतच चाललंय, एकदाही उतरलं नाही.’ हे जे क्रियापद तोंडात आलं (वाढलं, घटलं, थांबलं, मागे टाकलं), तेच पहिल्या ओळीत हवं. ‘काही फरक पडला नाही’ हाही मुद्दा असू शकतो. वाक्यच सुचत नसेल, तर बहुधा एकाच चित्रात दोन आलेख कोंबलेले असतात.

मग दोन टोकांचे आकडे काढा

ते रेषेकडे बघून अंदाजाने घेऊ नका. ज्या तक्त्यावरून आलेख काढला, तो उघडा. आपल्या आलेखात इथे एक खाच आहे. वायूचं प्रमाण दरवर्षी मे महिन्यात सर्वांत वर असतं आणि सप्टेंबरच्या आसपास तळाला जातं. दोन्हींत सहा-सात पीपीएमचा, म्हणजे हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे सहा-सात रेणूंचा, फरक पडतो. एका टोकाला सप्टेंबर आणि दुसऱ्या टोकाला मे घेतला, तर वाढ आहे त्यापेक्षा तेवढी जास्त दिसेल. म्हणून दोन्ही टोकांना वार्षिक सरासरी घ्यायची. १९५८ ची मोजणी मार्चपासूनची, म्हणजे वर्ष अपुरं. तेव्हा सुरुवात १९५९ पासून. त्या वर्षीची सरासरी सुमारे ३१६ पीपीएम, २०२३ ची सुमारे ४२१.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका

माझी सर्वांत वाईट चूक इथेच झाली. अशाच एका आलेखाखाली मी ‘कित्येक पटींनी वाढ’ असं लिहून मोकळा झालो होतो, कारण रेष डाव्या तळातून निघून उजव्या माथ्याला टेकत होती. छापून आल्यावर एका वाचकाने विचारलं, ‘किती पट?’ मी भागाकार केला आणि गप्प बसलो.

उभा अक्ष शून्यापासून नव्हे, ३१० पासून सुरू होत होता. त्यामुळे ३१६ तळाशी आणि ४२१ माथ्यावर दिसत होते. प्रत्यक्षात वाढ १०५ ची, मूळ ३१६ वर. म्हणजे सुमारे एक-तृतीयांश. ही वाढ छोटी नाही, पण ‘कित्येक पट’ही नाही.

असा अक्ष म्हणजे फसवणूक, असं मात्र नाही. रेषेच्या आलेखात आपण चढ-उतार वाचतो, तिथे अक्ष मधून सुरू केला तरी चालतं. स्तंभांच्या आलेखात मात्र आपण स्तंभाची लांबी वाचतो, म्हणून तिथे शून्यच हवं. कॅप्शन लिहिणाऱ्याने इतकंच करायचं: अक्ष कुठून सुरू होतो ते पाहायचं, विशेषण लिहायच्या आधी भागाकार करायचा, आणि अक्ष शून्यापासून नसेल तर तसं सांगून टाकायचं.

आकडे मुळात टक्क्यांत असतील तर आणखी जपा. ४० टक्क्यांचे ५० टक्के झाले, तर काही जण ‘१० टक्के वाढ’ म्हणतील, काही २५. ‘४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर’ असं लिहिलं की वादच उरत नाही.

आता लिहा

माझी कॅप्शन अशी होईल:

‘हवेतला कार्बन डायऑक्साइड ६४ वर्षांत सुमारे एक-तृतीयांशाने वाढला. मौना लोआ वेधशाळेत १९५९ मध्ये त्याची वार्षिक सरासरी ३१६ पीपीएम होती, २०२३ मध्ये ती ४२१ झाली. (पीपीएम म्हणजे कोरड्या हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे या वायूचे रेणू.) रेषेतले दाते ऋतूंचे आहेत: प्रमाण दरवर्षी मे महिन्यात सर्वांत वर असतं आणि सप्टेंबरच्या आसपास तळाला जातं. उभा अक्ष ३१० पासून सुरू होतो.’

याच्या खाली आकडे कुणाकडून घेतले, ते एका ओळीत.

पहिल्या वाक्यात काय वाढलं, किती आणि किती काळात, एवढंच आहे. वेधशाळेचं नाव, एकक, दाते, अक्ष हे सगळं मागे ढकललं. फोनच्या पडद्यावर लांब कॅप्शन अनेकदा पहिल्या एक-दोन ओळींनंतर कापली जाते. ‘मौना लोआ येथील वेधशाळेने केलेल्या मोजणीनुसार’ अशी सुरुवात केली असती, तर वाचकाच्या हाती फक्त वेधशाळा लागली असती.

मोह टाळायचे ते दोन

पहिला मोह कारण सांगण्याचा. ‘इंधन जाळल्यामुळे कार्बन डायऑक्साइड वाढला’ हे विधान खरं आहे, पण ते या रेषेत दिसत नाही. त्याचे पुरावे वेगळ्या मोजण्यांतून आले आहेत. त्याची जागा लेखात. कॅप्शनमध्ये तेच लिहावं, जे वाचकाला बोट ठेवून चित्रात दाखवता येईल.

दुसरा मोह जास्त अवघड, कारण तो योग्य वाटतो. याच आलेखात आणखी एक मुद्दा दडलाय: वाढीचा वेगही वाढलाय. १९६० च्या दशकात दरवर्षी सरासरी एका पीपीएमपेक्षा कमी भर पडत होती, २०१० च्या दशकात दोनपेक्षा जास्त. दोन्ही मुद्दे पहिल्या ओळीत घातले, तर वाचक एकही घेऊन जाणार नाही. लेखाला वेगाचाच मुद्दा हवा असेल, तर आलेखच बदला: दरवर्षीच्या वाढीचे स्तंभ काढा. रेषेच्या बाकातून वेग वाचणं सवयीच्या माणसालाही जड जातं.

तपासायचं कसं

आलेख हाताने झाका, फक्त पहिली ओळ कुणाला तरी वाचून दाखवा. ‘म्हणजे किती?’ असं विचारलं, तर आकडा राहिलाय. ‘कधीपासून?’ विचारलं, तर काळ. मग हात काढा आणि त्यांनाच ती गोष्ट चित्रात शोधायला सांगा. सापडली नाही, तर एक तर ओळ चुकली आहे किंवा आलेख. दृष्टिहीन वाचकांसाठीचा आल्ट मजकूर वेगळा लिहावा लागतो, पण त्याचीही सुरुवात याच वाक्याने केली तर बिघडत नाही.

आणखी एक पाहून ठेवा. पुढच्या वर्षी कुणीतरी नवे आकडे घालून चित्र बदलतं आणि खालचा मजकूर तसाच राहतो. रेष २०२४ पर्यंत जाते, कॅप्शन २०२३ वरच थांबते. म्हणून मी आलेखाच्या तक्त्यातच, शेवटच्या आकड्याशेजारच्या रकान्यात, कॅप्शनचं पहिलं वाक्य चिकटवून ठेवतो. आकडा बदलणाऱ्याच्या नजरेला ते वाक्य पडतंच.