मित्राचा मेसेज अचानक 'आपण'वर आला? या चुका टाळा

रोज रोमन लिपीत 'kuthe ahes re' लिहिणाऱ्या मैत्रिणीकडून एक दिवस असा मेसेज येतो: 'नमस्कार. आपण कुशल असाल अशी आशा आहे. मी एका तातडीच्या अडचणीत अडकलो असून मला आपल्या सहकार्याची आवश्यकता आहे.' इथे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. शब्द कुणी जुळवले? आणि पाठवलं कुणी? बहुतेक घोळ हे दोन्ही एकच समजल्यामुळे होतात.

चूक पहिली: भाषा गुळगुळीत आहे म्हणजे अकाउंट हॅक झालं, असं धरून चालणं

कारणं साधीही असतात. तिने मजकूर एआयकडून नीट करून घेतला असेल, दहा जणांना एकच मजकूर पाठवला असेल, किंवा पैशांचा विषय निघाल्याने ती मुद्दाम जपून लिहीत असेल. आता मजकूर सुधारून देणारी साधनं फोनमध्येच येतात, त्यामुळे नुसत्या सफाईवरून काहीच ठरत नाही.

वरचा मेसेज मात्र पुन्हा वाचा. 'तू'चं 'आपण' झालंय आणि बाई 'अडकलो' म्हणतेय. इंग्रजीत 'you' एकच असतं आणि 'I' ला लिंग नसतं. म्हणून तिथून यंत्राने मराठी केलं की सलगी जाते आणि क्रियापद बऱ्याचदा पुल्लिंगी होतं. अर्थात काही बोलींत बायकाही सर्रास 'मी आलो' म्हणतात, तेव्हा तिचे जुने मेसेज बघूनच ठरवा. मजकुरात शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे, म्हणजे `**तातडीचे**` असं दिसलं, तर तो बहुधा चॅटबॉटमधून जसाच्या तसा चिकटवलेला आहे. व्हॉट्सॲपवर ठळक अक्षरांसाठी एकच तारा लागतो.

पण या खुणा फक्त शब्दांबद्दल सांगतात, पाठवणाऱ्याबद्दल नाही. त्यासाठी तपशील बघा. तिनेच एआयची मदत घेतली असेल, तर भाषा बदलली तरी माहिती तिचीच राहते: कुणाचं काम, कोणता दिवस, तुमचं आधी काय ठरलं होतं. परका माणूस 'तातडीचे वैयक्तिक कारण' म्हणून मोकळा होतो, कारण सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नसतं. त्यापुढे पैशांची, तुमच्या फोनवर आलेल्या सहा आकडी कोडची मागणी किंवा एखादी लिंक उघडण्याची विनंती आली, तर खात्री होईपर्यंत काहीही करू नका.

चूक दुसरी: मेसेज एआय डिटेक्टरमध्ये टाकून निकाल मानणं

ओपनएआयने स्वतःचं असं साधन जुलै 2023 मध्ये कमी अचूकतेमुळे बंद केलं. त्यांच्याच चाचणीत ते एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त 26 टक्के ओळखत होतं आणि माणसाने लिहिलेल्या 9 टक्के मजकुरावर उगाच ठपका ठेवत होतं. हजार अक्षरांपेक्षा लहान मजकुरावर तर ते अजिबात भरवशाचं नव्हतं, आणि चॅटमधला मेसेज लहानच असतो. शिवाय निकाल बरोबर आला तरी 'पाठवणारी तीच का?' हे कळत नाहीच.

चूक तिसरी: त्याच चॅटमध्ये विचारून खात्री करणं

'तूच आहेस ना?' याला 'हो' हे उत्तर कुणीही देईल. 'आपण शेवटचं कुठे भेटलो?' हा प्रश्नही फसवा आहे. तिचं अकाउंट कुणी आपल्या कॉम्प्युटरला जोडलं असेल, तर जुन्या गप्पा त्याच्यासमोर उघड्या असू शकतात. आवाजाची नक्कल करता येते, म्हणून व्हॉइस नोटवरही विसंबू नका.

ॲपमधून नाही, साध्या फोनवरून तिला कॉल करा आणि चॅटमध्ये कधीच न लिहिलेलं काहीतरी विचारा. फोन लागला नाही, तर तिच्या घरच्या माणसाला विचारा. व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये तिचा सिक्युरिटी कोड बदलल्याची सूचना आली असेल तर नोंद घ्या, पण नवा फोन घेतल्यावरही ती येते.

चूक चौथी: पुढचा मेसेज नेहमीच्या ढंगात आला की निर्धास्त होणं

जुन्या चॅटचे नमुने दिले की एआय 'अगं ऐक ना' सुद्धा झकास लिहितं. संशयाचं कारण मागणी असेल, तर भाषा परत सैल झाल्याने ती मागणी खरी होत नाही.

अकाउंट खरंच दुसऱ्याच्या हाती गेलं असेल, तर तिला फोनवरच सांगा: व्हॉट्सॲपमध्ये `Linked devices` उघडून अनोळखी उपकरणं लॉग आउट कर. स्वतःचंच अकाउंट उघडत नसेल, तर नंबर टाकून, एसएमएसने येणारा सहा आकडी कोड भरून तिने पुन्हा नोंदणी करावी. तसं केलं की समोरचा बाहेर पडतो. त्याने मध्येच टू-स्टेप पिन लावून ठेवला असेल, तर तो माहीत नसल्यामुळे तिला सात दिवस थांबावं लागेल. तेवढ्या दिवसांत तिच्या ओळखीच्यांना सावध करण्याचं काम तुम्ही करू शकता.