पोस्टर सत्राचं काम गळ्यात पडलंय? आधी बोर्डांचे नंबर बघा

बैठकीत गाईड 'पोस्टरचं तू बघून घे' म्हणाले की समजायचं, हॉल दुसऱ्याच कुणीतरी ठरवलाय, बोर्ड मांडववाला आणणार आहे आणि आपल्या हाती पडणाऱ्या यादीत अ‍ॅबस्ट्रॅक्ट ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने नावं आहेत. तोच क्रम बोर्डांना देऊन मोकळं व्हायचा मोह होतो. सिनियरही 'चालतंय की' म्हणतात. त्यांना त्या दिवशी हॉलमध्ये उभं राहायचं नसतं.

आमच्या वनस्पतिशास्त्राच्या परिषदेचंच उदाहरण घ्या. पोस्टर ४८, वेळ दुपारी २ ते ४. एका पोस्टरपाशी नीट बोलायचं तर पाच-सहा मिनिटं जातात, म्हणजे बघणाऱ्याचे तासाला जेमतेम दहा होतात. त्यामुळे आपल्या कामाचे दहा कुठे आहेत आणि त्यांचे लेखक कधी भेटतील, हे त्याला आधी कळायला हवं. यादी विषयवार लावा. विषयाच्या आतही ज्यांचं काम सगळ्यात जवळचं आहे त्यांना शेजारचे नंबर द्या. मग विषम नंबरचे लेखक २ ते ३ आणि सम नंबरचे ३ ते ४ आपापल्या पोस्टरपाशी थांबतील. एकाच बुरशीवर काम करणारे दोघं असे एकमेकांचं काम बघू शकतात. नाहीतर दोघंही दोन तास आपापल्या जागी खिळलेले. एकाच माणसाची दोन पोस्टर असतील तर तीही शेजारी लावा, एक विषम आणि एक सम.

वेळेचा रकाना हाताने भरू नका:

```
=IF(ISODD(A2),"2 ते 3","3 ते 4")
```

A रकान्यात मात्र टाइप केलेले नंबर हवेत. तिथे `=ROW()-1` असेल आणि कुणी यादी आडनावाने लावून पाहिली, तर सगळ्यांचे नंबर बदलतात.

इथपर्यंत कुणालाही जमतं. आम्ही अडकलो ते पुढे. बोर्ड दुतोंडी होते, आठ-आठच्या तीन रांगा. मांडववाल्याच्या पोराने सरळ हिशोब केला: पहिल्या बोर्डाच्या पुढे १, मागे २, दुसऱ्याच्या पुढे ३, मागे ४. यादी बिनचूक, पण सगळे विषम नंबर पुढच्या बाजूला आणि सगळे सम मागे. दोन वाजता प्रत्येक रांगेच्या पुढे आठ लेखक खांद्याला खांदा लावून उभे, त्यांच्यासमोर गर्दी, कुणाचं कुणाला ऐकू येईना; मागची बाजू ओस. शिवाय एक विषय संपवायला रांगेला वळसे घालावे लागत होते ते वेगळंच.

नंबर असे लावायचे. पहिल्या रांगेच्या पुढच्या बाजूने दारापासून आत १ ते ८, टोकाला वळून मागच्या बाजूने दाराकडे परत ९ ते १६. दुसरी रांग दारापाशीच १७ पासून सुरू. आता शेजारी-शेजारी कधीच एकाच तासाला बोलत नाहीत, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहते. मधल्या वाटेत १६ च्या समोर १७ येतो, १५ च्या समोर १८, म्हणजे समोरासमोरही एक सम आणि एक विषम. वळायचं सोडून मागची बाजूही दारापासूनच मोजलीत तर ९ च्या समोर १७ येईल, दोन्ही विषम, आणि वाट तिथेच तुंबेल. हे कागदावर काढा, आणि आदल्या संध्याकाळी स्वतः हॉलमध्ये जाऊन चिठ्ठ्या चिकटवा. मांडववाल्याला फोनवर समजावण्याच्या फंदात पडू नका.

आता धीराची गोष्ट. शेवटच्या दोन दिवसांत दोन-चार जण 'येऊ शकत नाही' म्हणून कळवणारच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त नंबर वर सरकवू नका. १९ रद्द झाला म्हणून २० ला १९ केलंत की पुढच्या प्रत्येकाची सम-विषम बाजू उलटते आणि छापलेल्या पुस्तिकेतल्या सगळ्या वेळा चुकतात. बोर्ड रिकामा राहू द्या. उशिरा मान्य झालेलं एखादं पोस्टर तिथे लावता येतं. विषय थोडा वेगळा असला तरी चालेल.

अ‍ॅबस्ट्रॅक्टचा जुना नंबर पुस्तिकेत छापू नका, माणसं तोच शोधत फिरतात. बोर्डावरच्या चिठ्ठीवर नंबराखाली वेळही लिहा, म्हणजे लेखक नसताना आलेला माणूस परत कधी यायचं ते तिथेच वाचतो.

बक्षिसाच्या परीक्षकांना मात्र वेगळी यादी लागते. एकाला विषम आठ दिलेत तर त्याचं तीनपर्यंत उरकतं. त्याच्या स्वतःच्या विद्यार्थ्याचं पोस्टर त्यात नाही ना, एवढं यादी देण्याआधी तपासा. वाटताना हे कुणाच्याच लक्षात येत नाही आणि निकालानंतर सगळ्यांच्या येतं.