बहुभुजाच्या कोनांची वर्कशीट: या चुका टाळा

या वर्कशीटमध्ये मुलांना सूत्र पाठ असतं, तरी उत्तर चुकतं. बहुतेक वेळा घोटाळा 180 आणि 360 यांच्या अदलाबदलीचा असतो.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे बाह्यकोन 360 मधून वजा करून काढणं. सुसम षटकोनाचा आंतरकोन 120°, म्हणून बाह्यकोन 360 − 120 = 240° असं लिहिलं जातं. हा शिरोबिंदूभोवतीचा उरलेला कोन झाला, बाह्यकोन नव्हे. बाह्यकोन हवा असेल तर एक बाजू पुढे वाढवा. वाढवलेली रेषा आणि शेजारची बाजू यांच्यामधला कोन तो बाह्यकोन. आंतरकोनाशी त्याची रेषीय जोडी होते, म्हणून तो 180 − 120 = 60° येतो. पडताळा सोपा आहे: सगळ्या बाह्यकोनांची बेरीज 360 यायला हवी, आणि 6 × 60 = 360. उलट 6 × 240 केलं तर 1440 येतात, तिथेच चूक पकडली जाते.

दुसरी चूक त्रिकोण पाडताना होते. एकाच शिरोबिंदूतून कर्ण काढले तर षटकोनात 4 त्रिकोण होतात आणि बेरीज 4 × 180 = 720° येते. काही मुलं मात्र मधोमध एक बिंदू घेतात, 6 त्रिकोण मोजतात आणि 1080 लिहून मोकळी होतात. ही रीत चुकीची नाही, अर्धवट आहे. मधल्या बिंदूभोवतीचे 360° षटकोनाचे नाहीत. ते वजा केले की तेच 720 मिळतात. (n − 2) × 180 मधला 2 म्हणजे हेच वजा केलेले 360.

सुसम आकृतीचं गणित आलं की मी आधी बाह्यकोन काढतो: 360 ÷ n. त्रिकोण, चौरस, पंचकोन, षटकोन यांचे बाह्यकोन 120, 90, 72, 60. 180 मधून वजा करा, आंतरकोन 60, 90, 108, 120. एक बाजू वाढली की बेरीज दर वेळी 180 ने वाढते, पण एकेका कोनातली वाढ 30, 18, 12 अशी घटत जाते. षटकोनानंतर सप्तकोनाला अंदाजाने 132 लिहिणारे इथेच फसतात.

उलटा प्रश्न: आंतरकोन 156°, तर बाजू किती? बाह्यकोन 24°, आणि 360 ÷ 24 = 15 बाजू. आंतरकोन 130° दिला तर 360 ÷ 50 = 7.2 येतं. असा सुसम बहुभुज नसतोच. 7 करून टाकू नका.

आणि ‘सुसम’ हा शब्द प्रश्नात आहे का ते बघा. पंचकोनाचे कोन 110°, 95°, 125°, x आणि x + 20 असतील तर 540 ला 5 ने भागायचं नाही. 330 + 2x + 20 = 540, म्हणून x = 95; उरलेले कोन 95° आणि 115°.