आठवडा उलटला तरी ताप उतरत नाही: कारण कसं शोधतात?

विषाणूंमुळे येणारा बहुतेक ताप पाच-सात दिवसांत आपोआप जातो. त्यामुळे पहिल्या तीन दिवसांत ढीगभर तपासण्या करून फारसं काही हाती लागत नाही. आठवडा झाला, ताप तसाच आहे, आणि सर्दी-खोकला, लघवीची जळजळ किंवा जुलाब असं बोट ठेवण्यासारखं काहीच नाही, तेव्हा मात्र विचाराची पद्धत बदलावी लागते. डॉक्टर त्या वेळी काय विचार करतात आणि रुग्णाच्या घरच्यांनी काय करायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी एक अपवाद. शुद्ध हरपणं किंवा असंबद्ध बोलणं, धाप, मान ताठ होणं, लघवी फार कमी होणं, अंगावर रक्ताचे ठिपके, डोळे पिवळे होणं यांपैकी काही दिसलं तर पुढचं वाचत बसू नका, रुग्णालय गाठा. गरोदर बाई, केमोथेरपी चालू असलेला रुग्ण आणि ज्याच्या हृदयात कृत्रिम झडप आहे असा रुग्ण यांनी तर आठवडाही थांबू नये.

ताप लिहून ठेवा

‘रात्री अंग तापतं’ एवढ्यावर कुणालाच काही ठरवता येत नाही. एक वही घ्या. सकाळी उठल्यावर, संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास आणि थंडी वाजेल तेव्हा जिभेखाली थर्मामीटर ठेवून आकडा लिहा. त्याआधी पाव तास गरम चहा किंवा थंड पाणी नको. पॅरासिटामॉल घेण्याआधी ताप मोजा आणि गोळीची वेळ शेजारी लिहा, नाहीतर आकड्यांचा अर्थच लागत नाही.

निरोगी माणसाचंही तापमान संध्याकाळी थोडं वर जातं. संध्याकाळचा ९९ फॅरनहाइट हा आकडा बहुतेक वेळा आजार नसतो. ‘बारीक ताप’ म्हणून महिनोन्‌महिने तपासण्या करत फिरणारे कितीतरी लोक एवढ्या वहीनेच मोकळे होतात. डॉक्टरांच्या भाषेत ‘कारण न सापडलेला ताप’ ठरायला १०१ च्या वरचा आकडा पुन्हापुन्हा यावा लागतो. १९६१ साली पीटर्सडॉर्फ आणि बीसन या अमेरिकी डॉक्टरांनी ही व्याख्या केली, तेव्हा तीन आठवड्यांचा ताप ही अट होती. आठवड्याचा ताप अजून त्या व्याख्येत बसत नाही, पण पुढे तिथे पोहोचू नये म्हणून करायच्या गोष्टी याच आठवड्यात करायच्या असतात.

हकिकत तयार ठेवा

या आजारात सगळ्यात जास्त माहिती तपासणीच्या कागदांतून नव्हे, तर बोलण्यातून मिळते. त्यामुळे डॉक्टर विचारण्याआधीच काही गोष्टी आठवून ठेवा. गेल्या दोन महिन्यांत कुठे गेलात? शेतात, गवतात, साचलेल्या पाण्यात काम केलं का? गोठ्यात जनावराची वीण किंवा गर्भपात हाताळला का? कच्चं दूध पिता का? घरात कुणाला क्षयरोग झाला होता का? दात, डोकं, पाठ यांपैकी काही दुखतंय का? वजन घटलंय का?

आणि औषधं. सगळी औषधं, म्हणजे फिटची गोळी, काढे, चूर्ण आणि मेडिकलमधून विचारून आणलेल्या गोळ्यासुद्धा. काही औषधांनीच ताप येतो. ते औषध बंद केल्यावर असा ताप साधारण दोन-तीन दिवसांत उतरतो, पण कुणी विचारलंच नाही तर तो आठवडेच्या आठवडे चालतो.

तपासताना डॉक्टरांना संपूर्ण अंग पाहू द्या. पावसाळ्यात आणि त्यानंतर येणाऱ्या स्क्रब टायफसमध्ये बारीक किड्याच्या चाव्याजागी काळी खपली दिसते. ती बहुधा काखेत, जांघेत किंवा स्तनाखाली लपलेली असते. विदर्भात या आजाराच्या साथी येऊन गेल्या आहेत. ती खपली दिसली की निदान जवळजवळ तिथेच होतं, आणि डॉक्सीसायक्लिन सुरू केल्यावर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो.

पहिली फेरी, आणि विडालचा घोळ

पहिल्या फेरीत सीबीसी, मलेरियासाठी रक्ताची काच आणि झटपट चाचणी, लघवी, यकृत आणि मूत्रपिंडाचे आकडे, शरीरातला दाह दाखवणारे सीआरपी आणि ईएसआर, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, एचआयव्ही चाचणी आणि ब्लड कल्चर एवढं बहुधा पुरतं. सोनोग्राफी ज्या गोष्टींसाठी करायची त्यातली एक म्हणजे यकृतातला गळू. पोट फारसं दुखत नसतानाही तो ताप देत राहतो.

यातली सर्वांत मोलाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी तपासणी म्हणजे ब्लड कल्चर, रक्तातले जंतू बाटलीत वाढवून पाहणं. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, दोन वेगवेगळ्या जागांवरून, मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिलिलिटर रक्त घ्यावं लागतं. टायफॉइडचे जंतू पहिल्या आठवड्यात त्यात सर्वांत सहज सापडतात. हृदयाच्या झडपेवर जंतू बसले असतील तर तेही याच बाटल्यांतून उघड होतात. अँटिबायोटिकचे तीन डोस झाल्यावर कल्चर पाठवलं आणि ते ‘निर्जंतुक’ आलं, तर त्यावरून फारसा निष्कर्ष काढता येत नाही.

याउलट टायफॉइडसाठीची विडाल चाचणी आपल्याकडे फार लवकर होते आणि फार मोठा निर्णय तिच्यावर सोपवला जातो. ती जंतू शोधत नाही, शरीरातली प्रतिद्रव्यं मोजते. टायफॉइड पूर्वी झाला असेल, लस घेतली असेल किंवा दुसऱ्याच कुठल्या तापाने शरीर चाळवलं असेल तरी ती वर जाते. एकदाच केलेली विडाल ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे टायफॉइड आहे असं होत नाही. दुर्दैवाने त्या कागदामुळे पुढचा शोध तिथेच थांबतो.

अंदाजाने औषधं देण्याचे दोन धोके आहेत. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक क्षयरोग थोडासा दाबतात, त्यामुळे रुग्णाला काही दिवस बरं वाटतं आणि निदान लांबतं. स्टिरॉइडने तर जवळजवळ कुठलाही ताप उतरतो. लिम्फोमा या कर्करोगाची गाठही त्याने आक्रसते, मग बायोप्सीत स्पष्ट काही दिसत नाही. म्हणून निदानाआधी स्टिरॉइड देऊ नये, आणि दिलेलं असेल तर ते पुढच्या डॉक्टरांपासून लपवू नये.

संसर्ग नाही, तर काय?

पहिल्या फेरीत काही सापडलं नाही की डॉक्टर तीन मोठ्या टोपल्या समोर ठेवतात: संसर्ग, जंतूंशिवायचा दाह आणि कर्करोग. आपल्याकडे संसर्गाची टोपली सगळ्यात जड, आणि तिच्यातही क्षयरोग, खासकरून फुप्फुसाबाहेरचा. म्हणून तिला आधी रिकामं करायचा प्रयत्न होतो. कारण साधं आहे. दाहाच्या आजारावरची औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, आणि आत क्षयरोग असताना ती दिली तर तो भडकतो.

सीआरपी किंवा ईएसआर वाढलेला पाहून ‘इन्फेक्शन आहे’ असं म्हणणं ही नेहमीची चूक. हे आकडे शरीरात दाह आहे एवढंच सांगतात, तो कशामुळे आहे हे सांगत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. ते कुणा एका रुग्णाचं नाही, पण असे रुग्ण येतात. बत्तीस वर्षांची शिक्षिका. आधी घसा दुखला, मग ताप. अझिथ्रोमायसिन झालं. विडाल थोडी वर आली म्हणून सात दिवस सेफ्ट्रिएक्सोनची इंजेक्शनं झाली. ताप अठराव्या दिवशीही तसाच: रोज संध्याकाळी १०३, सकाळी नॉर्मल. मनगटं आणि गुडघे पहिल्या दिवसांपासून दुखतायत. पांढऱ्या पेशी १९,०००, त्यातल्या ८८ टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी. यकृताचे आकडे किंचित वाढलेले. असा सीबीसी पाहून कुणालाही आणखी तगडं अँटिबायोटिक लिहावंसं वाटेल.

इथे डॉक्टरांना थांबवतो तो वहीतला तक्ता. अँटिबायोटिकच्या आठवड्यात तापाच्या रेषेत काहीच फरक नाही, आणि दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी उसळी. आता प्रश्न विचारला जातो: ताप चढतो तेव्हा अंगावर काही उठतं का? नवरा मोबाइलमधला फोटो दाखवतो. रात्री आठ वाजता पोटावर आणि मांड्यांवर फिकट गुलाबी-केशरी चट्टे, खाज नाही, सकाळी पूर्ण गायब. सकाळच्या राउंडला येणाऱ्या डॉक्टरांना ते कधी दिसलेच नसते. अंगावर काही उठलं तर वेळेसह फोटो काढून ठेवा, हा सल्ला याचसाठी.

आता मनात स्टिल्स डिसीज येतो, प्रौढ वयात होणारा दाहाचा एक आजार. पण तो ‘आहे’ असं सांगणारी एकही तपासणी नाही. १९९२ मध्ये जपानी डॉक्टर यामागुची आणि सहकाऱ्यांनी निकष मांडले. त्यातले चार मुख्य: एक आठवडा किंवा जास्त १०२ च्या वरचा ताप, दोन आठवडे सांधेदुखी, तसे चट्टे, आणि न्यूट्रोफिलचं वर्चस्व असलेल्या वाढलेल्या पांढऱ्या पेशी. घसादुखी, सुजलेल्या गाठी किंवा प्लीहा, यकृताचे बिघडलेले आकडे, आणि संधिवाताच्या आरएफ, एएनए या चाचण्या निगेटिव्ह येणं हे गौण. एकूण पाच जुळावेत, त्यातले निदान दोन मुख्य. आणि सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे संसर्ग, कर्करोग आणि इतर संधिवात आधी वगळलेले हवेत.

म्हणून शिक्षिकेचं अँटिबायोटिक बंद करून नव्याने कल्चर घेतले गेले. झडपांसाठी इको, छाती-पोटाचा सीटी स्कॅन, मानेतल्या गाठीची बायोप्सी आणि अस्थिमज्जेची तपासणी झाली. कशातच क्षयरोग किंवा कर्करोग नाही. फेरिटिन ९,२०० आलं. लोहाचा साठा मोजणारी ही चाचणी एरवी बाईत दोनशेच्या आसपासच्या मर्यादेत असते. काही हजारांत जाणारं फेरिटिन स्टिल्सकडे बोट दाखवतं, पण तीव्र संसर्ग आणि काही रक्ताच्या कर्करोगांतही ते तसंच चढतं. म्हणून ते एकट्याने पुरावा नव्हे. सगळं जुळल्यावरच स्टिरॉइड सुरू झालं आणि चार दिवसांत ताप व सांधेदुखी ओसरली.

रुग्ण पन्नाशीपुढचा असता तर विचार दुसरीकडे वळला असता. ताप, नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं आणि ईएसआर शंभराच्या घरात, म्हणजे कानशिलाच्या रक्तवाहिनीचा दाह. त्यात अचानक दृष्टी जाण्याचा धोका असल्याने इथे मात्र बायोप्सीची वाट न पाहता स्टिरॉइड देतात.

उपचार सुरू झाल्यावरही एक गोष्ट पाहा

स्टिल्समध्ये कधीकधी प्रतिकारशक्ती बेलगाम होऊन स्वतःच्याच रक्तपेशी गिळू लागते. तेव्हा ताप सतत राहतो, फेरिटिन आणखी चढतं, आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी व प्लेटलेट एकाएकी घसरतात. ईएसआरही खाली येतो, कारण तो वाढवणारं रक्तातलं फायब्रिनोजेन संपत जातं. कागदावर ‘आकडे सुधारले’ असं वाटतं आणि रुग्ण मात्र जास्त आजारी दिसतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

सगळ्या तपासण्यांनंतरही काही रुग्णांमध्ये कारण सापडत नाही. प्रकृती टिकून असेल, वजन घटत नसेल, तर अशांपैकी बऱ्याच जणांचा ताप आपोआप निवतो. त्यांच्यासाठी आठवड्याला एकदा नव्याने पूर्ण तपासणं, पुन्हा हकिकत विचारणं आणि तापाची वही चालू ठेवणं हे सरसकट केलेल्या चाचण्यांपेक्षा उपयोगी पडतं. नवी गाठ, नवा चट्टा किंवा नवं दुखणं दिसलं, की पीईटी स्कॅन किंवा बायोप्सी नेमकी कुठे करायची हे त्यावरून ठरतं.