ॲक्शनवरून संथ सिनेमाकडे

वेगवान थ्रिलरच पाहणाऱ्याला एकदम तीन तासांचा कौटुंबिक सिनेमा दाखवू नका. अर्ध्या तासात हात मोबाइलकडे जातो, कारण पुढे काय होणार याची उत्सुकताच लागलेली नसते. त्यापेक्षा तणाव तोच, पण गती कमी, असा सिनेमा निवडा.

रॉबर्ट ब्रेसाँचा ‘अ मॅन एस्केप्ड’ (1956) यासाठी उत्तम. लांबी साधारण शंभर मिनिटं. कैदी पळणार, हे नावातच सांगून टाकलंय. उरतं ते कसं पळणार. तो लोखंडी चमचा जमिनीवर घासून धार लावतो आणि दाराच्या फळ्यांमधले सांधे हळूहळू कोरतो. कोठडीबाहेरचं बरंचसं आपल्याला फक्त ऐकू येतं: पावलं, किल्ल्या, शिट्टी. म्हणून हेडफोन लावाच. बारीक आवाज निसटले तर सिनेमा खरंच कंटाळवाणा वाटेल. दीडपट वेगानेही पाहू नका, इथला ताण थांबण्यातच आहे.

तो चमचा चालताना श्वास रोखला गेला, तर पुढचा सिनेमा असाच कामाच्या बारकाव्यांचा घ्या. नाहीच रमलात, तर माणसाच्या मनातल्या संशयावर चालणारा कोपोलाचा ‘द कॉन्व्हर्सेशन’ (1974) पाहा.